‘गाव’ नावाचा प्रिंटर

अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, दुकानात प्रिंटर एकच होता, पण संगणकात त्याची नऊ नावं होती. हे मला ते गेल्यावर अडीच महिन्यांनी कळलं, एकोणतीस सप्टेंबरच्या सकाळी, जेव्हा त्या नऊपैकी एकही नाव काम करेना.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आदल्या संध्याकाळी एसटीने लातूरला आले होते ती एकाच कामासाठी. आईच्या माहेरी दर तीस सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांची यादी वाचतात. जुन्या गावाच्या जागेवर एक स्तंभ आहे, तिथे माणसं सकाळी जमतात, प्रत्येकाच्या हातात यादीची प्रत असते आणि एक जण ती मोठ्याने वाचतो. यादी अप्पांनीच गोळा केली, तेच ती छापायचे आणि तेच वाचायचे. यंदा तिसावं वर्ष होतं. आई म्हणाली होती, यादी आता तू छाप आणि तू वाच. मी हो म्हटलं होतं. हो म्हणण्यापलीकडे मी काही फारसं केलं नव्हतं. दहावीनंतर मी त्या गावी तीस तारखेला गेलेच नव्हते. आधी परीक्षा होत्या, मग नोकरी होती.

दुकान क्लासेसच्या गल्लीत आहे. आजूबाजूला वसतिगृहं, खानावळी, अभ्यासिका. भिंतीभिंतीवर गुण मिळवलेल्या मुलामुलींचे फोटो. अप्पा मुळात खिळे जुळवणारे. भूकंपाच्या वर्षी ते लातुरात एका छापखान्यात होते. पुढे छापखाना बंद पडला आणि क्लासेस वाढले, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीत संगणक शिकून घेतला आणि चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका छापून द्यायला लागले. गेली अकरा वर्षं टायपिंगला सिंधु होती. अप्पांच्या माघारी दुकान तीच चालवत होती.

मी पोचले तेव्हा सिंधुच्या टेबलावर कागदांचा ढीग पडला होता. प्रत्येक कागदावर माथ्याशी एकच ओळ, तीही कसल्यातरी चिन्हांची, बाकी कागद कोरा.

“रात्री संगणकानं आपोआप अपडेट घेतलं, ताई,” सिंधु म्हणाली. “सकाळपासून हेच ओकून राहिलाय.”

तिने तिला ठाऊक असलेला उपाय केला होता. प्रिंटर पुन्हा जोडला होता, एकदा नव्हे, तीनदा. त्यामुळे यादीत आणखी तीन नावं आली होती, कॉपी एक, कॉपी दोन, कॉपी तीन. तिन्ही तितकीच निकामी. दुपारपर्यंत द्यायची जीवशास्त्राची चाचणी क्लासवाल्यांनी शेजारच्या दुकानातून करून घेतली होती. मी म्हटलं, मग आपणही यादी शेजारूनच छापून आणू. पेन ड्राइव्ह घेऊन जायचं, अर्ध्या तासाचं काम.

आई आतल्या खुर्चीवर बसली होती. सकाळी ती माझ्याबरोबरच आली होती.

“यादी दुसऱ्याच्या दुकानात जायची न्हाई,” ती म्हणाली.

का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अप्पा गेल्यापासून ती कशालाच नाही म्हणाली नव्हती. एवढ्या एका गोष्टीला म्हणाली.

मी आमच्या कॉलेजच्या संगणक विभागातल्या आलोकला फोन लावला. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान आणि सावकाश बोलणारा आहे. त्याने आधी प्रिंटरचं बटण दाबून धरायला सांगितलं. प्रिंटरने स्वतःचं चाचणीचं पान काढलं, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. म्हणजे मशीन धड आहे, तो म्हणाला. बिघडलाय तो ड्रायव्हर, संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी. संगणक सांगतोय एक आणि प्रिंटरपर्यंत पोचतंय भलतंच. आणि पुन्हापुन्हा जोडून काही होणार नाही, कारण दर वेळी संगणक आपल्या जवळचा तोच बिघडलेला ड्रायव्हर काढून वापरतो. तो मुळापासून काढावा लागेल. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा उतरवून घालायचा.

नवा ड्रायव्हर सिंधुने आधीच उतरवायला लावला. तो येईपर्यंत आम्ही जुना काढायला बसलो. पहिली गोष्ट, प्रिंटरची तार काढायची, म्हणजे संगणक मध्येच त्याला ओळखून जुनाच ड्रायव्हर पुन्हा चिकटवणार नाही. ती मी काढली. दुसरी, यादीतली त्या प्रिंटरची सगळी नावं काढून टाकायची.

तेव्हा मी ती नावं नीट वाचली. सिंधुच्या तीन कॉपी सोडून नऊ. ‘चाचणी पाठपोट’, ‘चाचणी मोठा टाइप’, ‘ओएमआर’, ‘नोट्स डावा समास’, ‘पत्रिका जाड’, अशी आठ. आणि नववं, ‘गाव’.

सिंधुने सांगितलं ते असं. अप्पांना दर कामाला सेटिंग बदलत बसणं पसंत नव्हतं. ते म्हणायचे, छापखान्यात प्रत्येक टाइपाचा खण वेगळा असतो, तसा इथंही ठेवायचा. म्हणून त्यांनी एकच प्रिंटर नऊ वेळा जोडला, प्रत्येकाला नाव दिलं आणि प्रत्येकात त्या कामाच्या खुणा कायमच्या करून ठेवल्या. काम आलं की फक्त नाव निवडायचं. आलोक हे ऐकून हसला, पण कौतुकाने. पद्धत जुनी आहे, पण चूक नाही, तो म्हणाला. फक्त एवढं लक्षात घ्या, नाव काढलं की त्यातल्या खुणाही जातील. हव्या असतील तर आधी लिहून ठेवा.

आम्ही एकेक नाव उघडून त्याच्या खुणा वहीत उतरवल्या. सिंधु सांगत होती, मी लिहीत होते. पाठपोट की एकबाजू, कागद कसला, शाई किती गडद, समास कुठला. ग्रंथालयात मी नोंदीच करते, त्यामुळे हात आपोआप चालत होता. आठही नावांत ‘प्रगत’ पानावर एक खूण सारखीच होती, कोरी पानं वगळा. क्लासवाल्यांच्या फाइलींच्या शेवटी हमखास एक रिकामं पान राहिलेलं असतं, सिंधु म्हणाली. चारशे प्रतींना चारशे कागद वाया जायचे. अप्पांनी ती खूण शोधून काढली तेव्हा दोन दिवस खुशीत होते.

लिहून झालेलं नाव सिंधु काढून टाकत होती. आठ गेली, तीन कॉपी गेल्या. नवव्याला तिने माउस माझ्याकडे सरकवला.

“हे तुम्ही काढा,” ती म्हणाली. “ह्यात मी कधी हात घातला न्हाई. काका एकोणतीसला दुकान मिटल्यावर एकटे बसायचे. स्टेपल पण स्वतःच मारायचे.”

मी ‘गाव’ उघडलं. एकबाजू छपाई. शाई सगळ्यात गडद, टोनर बचत बंद. ते म्हाताऱ्या डोळ्यांसाठी असणार. कागद जाड. आणि ‘कोरी पानं वगळा’ हा चौकोन रिकामा. मी सगळं वहीत उतरवलं.

मग यादीची फाइल उघडून पाहिली. मोठ्या अक्षरात सात पानं नावं, दोनशे सदतीस. घराप्रमाणे लावलेली, वय कंसात. आठवं पान कोरं. नवव्यावर गावाचं नाव, तारीख, आणि खाली ‘एवढेच आमच्या आठवणीत राहिले, कोणी सुटले असल्यास क्षमा असावी’. आठव्या पानावर काही नव्हतं, पानाचा आकडासुद्धा नाही. मला वाटलं, नवं पान सुरू करायची कळ चुकून दोनदा दाबली गेली असेल. अप्पांचं टायपिंग तसंच होतं. शाळेत असल्यापासून मी त्यांची प्रुफं तपासत आले होते आणि त्यांना त्याचा थोडा राग यायचा, थोडा अभिमान वाटायचा. आता मात्र मला त्यांच्या फाइलीतलं काही पुसायचं नव्हतं. एक मोकळी ओळसुद्धा नाही. ती जशी त्यांनी ठेवली तशी राहू दे. कोरं पान छपाईच्या वेळी वगळता येईल, त्यासाठी तर तो चौकोन आहे. या एका नावात खूण करायची ते विसरले असतील. वहीत ‘गाव’च्या खाली ‘कोरी पानं वगळा – रिकामा’ असं लिहिलं होतं, ते मी खोडलं आणि ‘खूण करणे’ असं लिहिलं.

‘गाव’ काढून टाकलं. संगणकाने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. प्रिंटरांच्या यादीत आता काहीच उरलं नाही.

पुढचं पाऊल, आलोकने सांगितलेल्या प्रिंट सर्व्हरच्या खिडकीत जायचं, ड्रायव्हरांच्या पानावर. तिथे तो बिघडलेला ड्रायव्हर नावानिशी बसलेला होता. तो निवडून काढ म्हटलं, की संगणक विचारतो, नुसता ड्रायव्हर काढू की त्याचं मूळ पाकीटसुद्धा? पाकीटसुद्धा, आलोकने दोनदा बजावलं. पाकीट राहिलं तर तोच परत उगवेल. आम्ही तसं केलं आणि उत्तर आलं, ड्रायव्हर वापरात आहे, काढता येत नाही.

“कोण वापरून राहिलंय?” सिंधु म्हणाली. “सगळी तर काढली.”

आलोक म्हणाला, छपाईच्या रांगेत काहीतरी अडकलेलं असणार. छपाईची कामं रांगेत लावणारी एक सेवा मागे चालू असते, स्पूलर. ती आधी थांबवायची. थांबवली. मग तिच्या फोल्डरमध्ये अडकलेल्या कामांच्या फाइली असतात, त्या पुसायच्या. फोल्डर तेवढं राहू द्यायचं, आतलं सगळं जाऊ द्यायचं. आत सकाळच्या बावीस फाइली होत्या, सिंधुने पुन्हापुन्हा पाठवलेल्या. त्या पुसल्या. सेवा पुन्हा चालू केली आणि तिला दुसरं काही सुचायच्या आत ड्रायव्हर काढायला सांगितला. या वेळी तो गेला, पाकिटासकट. मग कंपनीचा म्हणून जो प्रोग्राम बसवलेला होता तोही काढला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, काढून झालं, आता घालायचं.

घालणं सोपं होतं. नवं पाकीट चालवलं. तार जोडा असा निरोप पडद्यावर आला तेव्हाच तार जोडली, आधी नाही. चाचणीचं पान पाठवलं. पान आलं, पूर्ण, सरळ, काळंभोर. सिंधुने ते दोन्ही हातांनी धरलं आणि आईला नेऊन दाखवलं. आलोकने संगणकाची अपडेट काही आठवडे थांबवून ठेवायला सांगितली, तेही केलं. मग वही उघडून आम्ही नऊ नावं पुन्हा घातली. नवव्याला मी ‘गाव’ असंच नाव दिलं, वहीप्रमाणे खुणा केल्या, वहीप्रमाणे चौकोन भरला.

साठ प्रती निघाल्या. स्टेपल मी मारले. चार वाजेपर्यंत सगळं पिशवीत होतं. मला बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी अप्पांसाठी एखादं काम नीट पार पाडलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही स्तंभापाशी पोचलो. जुन्या गावात आता बाभळी आहेत आणि दगडांचे ढिगारे, त्यांवर तणकट. माणसं नव्या गावातून चालत किंवा गाड्यांवर आली होती, चाळीसेक असतील. म्हाताऱ्या बायका पुढे सतरंजीवर बसल्या. मी प्रती वाटल्या. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येकीने प्रत घेतली आणि मांडीवर सरळ ठेवली.

मी वाचायला लागले. अप्पांच्या लयीत वाचायचा प्रयत्न केला, एका नावानंतर एक श्वास. नावं घराप्रमाणे असल्याने एकेक घर वाचून संपत होतं. पान संपलं की चाळीस कागद एकदम उलटल्याचा आवाज यायचा. वाचता न येणाऱ्यासुद्धा त्या आवाजावर पान उलटत होत्या. आजोबा तिसऱ्या पानावर आले, मामा-मामी त्यांच्यामागोमाग. सातवं पान संपलं. मी उलटलं आणि वाचलं, “एवढेच आमच्या आठवणीत राहिले.”

पुढच्या ओळीतल्या एक बाई, मला नंतर कळलं त्यांचं नाव केवळाबाई, त्यांनी हातातला शेवटचा कागद मागे घेतला, पुन्हा पुढे केला, मग दोन कागद चिकटलेत का ते बोटाला थुंकी लावून पाहिलं. त्यांच्या शेजारी आई बसली होती. तीही तेच करत होती. पाहिलं तर आणखी एक बाई करत होती. तिघी.

“कोरं पान कुठाय?” केवळाबाईंनी आईला विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. “छापताना पडलं का?”

मी म्हटलं, ते रिकामं होतं, म्हणून मी वगळलं.

आईने हातातली प्रत मांडीवर ठेवली. मग जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा आवाजात म्हणाली, “ते बारसं न झालेल्यांचं हाय.”

मला एक बहीण होती, हे मला ठाऊक होतं. मी सात वर्षांची होते, शाळेसाठी अप्पांजवळ लातुरात होते आणि आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळ नऊ दिवसांचं होतं. बाराव्या दिवशी बारसं, त्यासाठी अप्पा रजा काढून मला घेऊन जाणार होते. मला नवा फ्रॉक शिवला होता. पहाटे चार वाजता आम्हाला लातुरातही हलल्यासारखं वाटलं आणि अप्पा सकाळीच एकटे निघून गेले. चार दिवसांनी ते आईला घेऊन आले. त्यानंतर घरात त्या बाळाबद्दल कोणी बोललं नाही आणि मीही बोलले नाही. हे इतकी वर्षं मला संयम वाटत आलं होतं.

नाव नाही म्हणजे यादीत घालायचं कसं? पहिल्या वर्षी अप्पांनी असं बाळ गमावलेल्या त्या तिघींना विचारलं होतं, प्रत्येकीचं नाव घालून पुढे ‘बाळ’ असं लिहू का. केवळाबाई नको म्हणाल्या. माझं नाव मेलेल्यांत घालू नका, म्हणाल्या, आणि तिला माझ्या नावानं हाक मारू नका, ती वेगळी होती. मग अप्पांनी एक पान मोकळं सोडलं. दर वर्षी सातवं पान संपलं की ते आठवं उलटायचे, काही न वाचता तेवढाच वेळ थांबायचे आणि मग नववं उलटायचे. त्या तिघी आपापल्या मांडीवरचं ते पान पाहायच्या. एकोणतीस वर्षं. लहानपणी मी तिथे उभी असताना तो थांबण्याचा वेळ मला आठवतो. मला वाटायचं, अप्पांचा गळा भरून आला असेल.

हे सगळं मला परतताना गाडीत कळलं. त्या क्षणी एवढंच समजलं होतं की काय गेलंय. मी सातव्या पानाचा कागद उलटा केला. छपाई एकबाजू होती, त्यामुळे मागची बाजू कोरी होती. तो मी समोर धरला आणि म्हटलं, आपण इथे थांबू. लोक थांबले. केवळाबाईंनी माझ्यासारखा कागद उलटा केला, पाहिला आणि परत सुलटा केला.

“ते पाठीमागचं हाय,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. “ह्याच्या पुढल्या अंगाला दुसऱ्यांची नावं हायेत.”

मग त्यांनी यादीची घडी केली आणि उठल्या. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तिघी दर वर्षी वाचन झाल्यावर एकत्र बसून जेवतात, असं मागून सिंधुकडून कळलं. त्या दिवशी आई माझ्याबरोबर लगेच निघाली.

लातुरात पोचलो तेव्हा दुकान बंद होतं. मी किल्लीने उघडलं. आई पुन्हा त्याच खुर्चीवर बसली. मी संगणक लावला, ‘गाव’ उघडलं, प्रगत पानावर गेले आणि चौकोनातली खूण काढली. वहीत माझ्याच हाताने खोडलेली ओळ दिसत होती. ‘रिकामा’ हा शब्द रेघेखालूनही वाचता येत होता. अप्पा काही विसरले नव्हते. नऊ नावांतलं एक नाव त्यांनी फक्त या चौकोनासाठी वेगळं ठेवलं होतं, आणि मी ते सुधारलं होतं.

तीन प्रती पाठवल्या. मी प्रिंटरशी उभी राहून पानं मोजत होते. सातवं आलं. मग प्रिंटरने एक कागद आत ओढला, बाकीच्या पानांइतकाच वेळ घेतला, तसाच आवाज केला आणि कोरा कागद बाहेर दिला. तो हातात घेतला तेव्हा गरम होता. पडद्यावरच्या मोजणीत तो छापलेलं पान म्हणून धरला गेला होता.

प्रती जुळवून मी स्टेपल मारले आणि आईला दिल्या. तिने एक प्रत उघडून आठवं पान काढलं. त्यावर तळहात ठेवला, मग उचलला.

“आता निवलं,” ती म्हणाली, आणि पान मिटलं.

उरलेल्या दोन मी पाकिटात घातल्या. केवळाबाईंचा पत्ता आईला ठाऊक होता. दुसऱ्या बाईंचं नाव तिने सांगितलं, ते मी पाकिटावर लिहिलं. मंगळवारी सिंधु दोन्ही टपालात टाकणार होती. पत्र घालायचं म्हणून मी एक कोरा कागद घेऊन बराच वेळ बसले. मग तो परत कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला आणि पाकिटं तशीच बंद केली.